तुम्ही विचारलंत म्हणून: पुढची अक्षरे कोण खाते

„मधे एखादा शब्द घालायला गेले की पुढची अक्षरं आपोआप पुसली जातात. कीबोर्ड बिघडलाय, की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय?”

जवळजवळ नेहमीच दोन्ही नसते. इन्सर्ट नावाची कळ नकळत दाबली गेलेली असते आणि त्यामुळे ओव्हरटाइप चालू झालेले असते. त्या स्थितीत नवे अक्षर जुन्या अक्षराला पुढे सरकवत नाही, तर त्याच्या जागेवर बसते. एवढे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न घेऊन तीच व्यक्ती परत येते. म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत माझे उत्तर दोन शब्दांचे होते: „इन्सर्ट दाबा.” ते उत्तर अपुरे आहे असे आता माझे ठाम मत आहे. ही कळ दिव्याच्या बटणासारखी आहे, एकदा दाबली की चालू आणि पुन्हा दाबली की बंद. मजकूर दुसऱ्याच कारणाने गेला असेल आणि तुम्ही घाईने इन्सर्ट दाबलेत, तर जे चालू नव्हते ते तुम्हीच चालू करून ठेवता. हे दुसरे कारण फार सर्वसाधारण आहे: मजकुराचा एखादा भाग निवडलेला, म्हणजे रंगीत पट्टीत, राहिलेला असतो आणि पहिलीच कळ दाबताच तो अख्खा भाग जातो. ओव्हरटाइपमध्ये मजकूर असा एकदम जात नाही. एका अक्षरामागे एक या हिशेबाने, तुमच्या टायपिंगच्या वेगानेच तो जातो. एका झटक्यात ओळ गेली असेल, तर इन्सर्टला हात लावू नका.

आमच्या कार्यालयात गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहिला जातो. तिथे घडलेली एक गोष्ट सांगते, कारण ती घडल्यापासून मी हा प्रश्न हलक्याने घेणे सोडले.

एका सभासदाला थकबाकीचे पत्र जायचे होते. माझ्या सहकारी बाईंनी आदल्या वर्षीचे पत्र उघडून त्यात बदल करायला घेतले. पत्रात वाक्य होते, „आपल्याकडे संस्थेची रु. 9500 इतकी रक्कम येणे आहे.” खातेवहीप्रमाणे ती रक्कम आता 19500 झाली होती. सभासदाला जे पत्र मिळाले त्यात 1500 छापलेले होते. सभासदाने दुसऱ्याच दिवशी 1500 रुपये भरले, पावती घेतली आणि पुढच्या बैठकीत ते पत्र सर्वांसमोर ठेवून आपल्याकडे काहीही येणे नाही असे सांगितले. समितीतल्या एका गृहस्थांनी बाईंना सरळ विचारले की हा आकडा तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून कमी केला. बाई उभ्याच राहिल्या. „मी एकोणीस हजार पाचशेच केले होते,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि कागद त्यांच्या विरुद्ध बोलत होता. टायपिंगमध्ये चूक होते, हे सगळ्यांना मान्य होते. मात्र चुकीने एखादा आकडा राहून जाईल किंवा दोनदा पडेल, नऊ जाऊन नेमका एक कसा येईल, असा त्यांचा मुद्दा होता. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

उत्तर संध्याकाळी त्याच यंत्रासमोर बसल्यावर सापडले. पत्राच्या अगदी शेवटी „प्रत: सदनिका क्र.” अशी ओळ होती आणि तिथे 302 लिहायचे होते. बाई आकडे नेहमी उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरून टाकतात. त्या पॅडवरच्या कळा नीट पाहा: 0 च्या खाली बारीक अक्षरांत Ins छापलेले असते. नम लॉक बंद असेल तर तो शून्य शून्य राहत नाही, तो इन्सर्ट होतो. तसेच 3 म्हणजे पेज डाउन आणि 2 म्हणजे खाली जाणारा बाण. नम लॉक बंद असताना 302 टाइप केले, तर कर्सर पत्राच्या शेवटीच असल्याने पेज डाउन आणि खालचा बाण त्याला कुठेही नेऊ शकत नाहीत, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि मधल्या शून्याने मात्र ओव्हरटाइप चालू होते. आकडा उमटला नाही हे पाहून कोणीही करील तेच बाईंनी केले: नम लॉक दाबले आणि 302 पुन्हा टाइप केले. तो व्यवस्थित उमटला, कारण शेवटच्या ओळीत पुढे खायला अक्षरच नव्हते. त्यानंतर त्या वर गेल्या, 9500 मधल्या 9 च्या आधी कर्सर ठेवला आणि 1 दाबला. 19500 होण्याऐवजी 9 च्या जागी 1 बसला आणि 1500 झाले.

या घटनेतला शून्यांचा हिशेब मी तेव्हापासून विसरलेले नाही. प्रत्येक शून्य स्थिती उलटवतो. सदनिका 302 असेल तर शून्य एकच, म्हणून ओव्हरटाइप चालू राहते. ती 1001 असती तर दोन शून्यांनी ते चालू होऊन पुन्हा बंद झाले असते आणि पत्र बरोबर गेले असते. „कधी होते, कधी होत नाही” अशी जी तक्रार ऐकू येते आणि जिच्यामुळे लोकांना व्हायरसचा संशय येतो, तिचे एक कारण हे आहे.

शब्दात असे झाले असते तर ते डोळ्यांना खुपले असते, कारण मोडलेला शब्द वाचता येत नाही. आकड्यात आकडा बसला की नवा आकडा तितकाच खरा दिसतो. अक्षरांची संख्या तीच राहते, ओळ सरकत नाही आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीही वावगे दिसत नाही. म्हणून रक्कम, तारीख किंवा खाते क्रमांक यांच्या मधे आकडा घालायचा असेल तर मी तसा घालत नाही. तो संपूर्ण आकडा निवडते आणि पुन्हा लिहिते. तरीही ओव्हरटाइप चालू असेल तर पहिल्या आकड्यानंतरचे आकडे पुढची मोकळी जागा आणि अक्षरे खातात, पण ते निदान शब्दात दिसते.

दुसऱ्या बैठकीत मी सगळ्यांसमोर या सर्व पायऱ्या करून दाखवल्या. काहींना पटले. त्या गृहस्थांनी मात्र विचारले की असे होऊ शकते हे दिसले, पण असेच झाले हे कशावरून? त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. फाईल बंद करून उघडली की मागच्या पायऱ्या पुसल्या जातात. कोणती कळ केव्हा दाबली गेली याची नोंद पत्रात राहत नाही. बाईंवर माझा विश्वास आहे. तो माझा विश्वास आहे, पुरावा नव्हे, आणि या फरकाचा मला अजून त्रास होतो.

आता ओळखायचे कसे ते सांगते. कोणत्याही प्रोग्राममध्ये चालणारी खूण एकच आहे: एखाद्या शब्दाच्या मधे कर्सर ठेवून एक अक्षर टाइप करा आणि उजवीकडे पाहा. उजवीकडचा मजकूर सरकला तर सर्व ठीक आहे. तो जागेवर राहून एक अक्षर कमी झाले तर ओव्हरटाइप चालू आहे. लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, म्हणजे खाल्लेले अक्षर परत येते. बॅकस्पेसने दुरुस्त करायला जाऊ नका. वरच्या उदाहरणात 1500 वर बॅकस्पेस दाबले असते तर 1 गेला असता, 9 परत आला नसता आणि 500 उरले असते.

आमच्याकडे लिबरऑफिस रायटर आहे. त्यात ओव्हरटाइप चालू झाले की मजकुराच्या मधे असलेला कर्सर बारीक उभ्या रेघेऐवजी पुढच्या अक्षराला झाकणारा ठोकळा होतो आणि खालच्या पट्टीवर `Overwrite` असे दिसते. त्या शब्दावर क्लिक केले किंवा इन्सर्ट दाबली की ते बंद होते. वर्डमध्ये कर्सरवर विसंबू नका. तिथे खालच्या पट्टीवर उजवे क्लिक करून यादीतील `Overtype` वर खूण करा. मग त्या पट्टीवर सध्याची स्थिती सतत दिसत राहते आणि त्यावर क्लिक करून ती बदलताही येते. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत इन्सर्ट कळ मुळात या कामाला जोडलेली नसते, म्हणून तिथे ती दाबून काहीच झाले नाही तर घाबरू नका. कायमचा बंदोबस्त करायचा असेल तर `File`, मग `Options`, मग `Advanced` असे जा. `Editing options` या शीर्षकाखाली `Use the Insert key to control overtype mode` आणि तिच्याच खाली `Use overtype mode` अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींवरची खूण काढा. फक्त वरची काढलीत आणि खालची तशीच राहिली, तर ओव्हरटाइप चालूच राहते आणि इन्सर्ट दाबून ते बंदही करता येत नाही.

लॅपटॉपवर इन्सर्ट कळ सापडत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. अनेक लॅपटॉपांवर ती दुसऱ्या एखाद्या कळीवर लहान अक्षरांत असते आणि एफएन कळीसोबत दाबावी लागते. तीही दिसत नसेल तर विंडोजमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड उघडा: विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा, समोर आलेल्या चौकटीत `osk` लिहा आणि एंटर दाबा. त्या कीबोर्डवर इन्सर्ट आहे.

मग अशी सोय ठेवलीच कशाला, असे मला रागाने विचारले जाते, आणि एके काळी मीही रागाने हेच म्हणत असे. आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही. ज्या मजकुरात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते आणि रकाने मोकळ्या जागा सोडून जुळवलेले असतात, तिथे एक आकडा बदलताना पुढचा रकाना सरकू नये म्हणून मी स्वतः ओव्हरटाइप चालू करते आणि काम झाले की बंद करते. जी सोय मला अशी उपयोगी पडते, तिच्यामुळेच दुसऱ्या कोणाला बैठकीत उभे राहावे लागले, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा मांडाव्यात हे मला जमलेले नाही.

आमच्या बाईंनी त्यानंतर इन्सर्ट कळ कीबोर्डवरून काढूनच टाकली. त्यांची भावना मी समजू शकते, पण 0 ची कळ तिथेच आहे आणि नम लॉक बंद असेल तर ती आजही इन्सर्टच आहे.