पादस्पर्शं क्षमस्व मे

आज दिवसभर एकाच श्लोकात होते. पहाटे अंथरुणातून उतरताना आई जमिनीला हात लावून म्हणते तो:

समुद्रवसने देवि पर्वतस्तनमण्डले।
विष्णुपत्नि नमस्तुभ्यं पादस्पर्शं क्षमस्व मे॥

भाचीला तो मराठीत, गाता येईल असा हवा होता. श्लोक अनुष्टुभ छंदात आहे, त्याच्या एका चरणात आठ अक्षरं, म्हणून मीही आठच धरली.

अडले ‘पर्वतस्तनमण्डले’पाशी. शब्दशः केलं की मराठीत नुसतं शरीरवर्णन उरतं आणि धरणीतली आई हरवते. दुपारी सुचलं, डोंगरातून नद्या येतात, म्हणजे तो पान्हाच! ‘क्षमस्व’ला तर आपल्याकडे आईशीच बोलायचा शब्द आहे: पोटात घाल.

पहिली ओळ ‘निळा समुद्र नेसशी’ केली होती. अक्षरं आठ, पण टाळी चौथ्या अक्षरावर पडते आणि ‘समु’ जवळ शब्द तुटतो. कागदावर हे दिसत नाही, टाळी वाजवून म्हटलं की लगेच कळतं. ‘दर्या’ घेतला आणि चार-चार अक्षरं नीट बसली.

निळा दर्या नेसशी तू
डोंगरांत दाटे पान्हा
विष्णुप्रिये, पाय लागे
पोटी घाल माझा गुन्हा

‘घाल’मधला ‘ल’ बोलताना अर्धा होतो, गाताना मात्र अभंगासारखा पूर्ण म्हणायचा. ‘नमस्तुभ्यं’ शब्दांत मावलं नाही. ते भुईला टेकलेल्या हातात आहे, म्हणून भाचीला हात टेकवूनच म्हणायला शिकवलं. संध्याकाळी आईनं ऐकलं आणि ‘पान्हा’वर थांबून ती ओळ पुन्हा म्हणायला लावली.