आमची वाटचाल: एक ऑर्डर, दोन नोंदी

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात 1994 साली पहिली स्प्रिंग निघाली ती हाताच्या कॉइलिंग मशीनवर. मी आणि माझा भागीदार, दोघंच होतो. तो मॅन्ड्रेलवर तार चढवायचा आणि मी मुठीने चाक फिरवायचो. पुढे त्याने गावी शेती घेतली आणि आम्ही हिशेब मिटवून सख्ख्या भावांसारखे वेगळे झालो. सीएनसी कॉइलर आला, भट्टी आली, एंड ग्राइंडिंगला दुसरा गाळा घेतला. ती वर्षं चांगली गेली, त्यांच्याबद्दल एवढं पुरे. मला लिहायचंय ते 2022 सालाबद्दल. त्या वर्षी आमचा कारखाना बंद पडता पडता राहिला, आणि त्याला मशीन, कामगार किंवा बाजार यातलं काहीच कारणीभूत नव्हतं. ईमेलवर आलेली एक पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, आमच्या हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये दोनदा चढली होती.

आमचे नेहमीचे ग्राहक चौदा-पंधरा. महिन्याला चाळीसेक पीओ येतात, सगळ्या पीडीएफमध्ये. आमच्याकडे सुरुवातीपासून एक शिस्त होती: पीओ आली की टॅलीत सेल्स ऑर्डर चढवायची आणि बिल करताना त्याच ऑर्डरचा नंबर जोडायचा. मग ‘सेल्स ऑर्डर आउटस्टँडिंग’ उघडलं की कोणाचा किती माल द्यायचा बाकी आहे ते दिसतं. त्या आकड्यावर आम्ही तार मागवतो, त्याच आकड्यावर मशीनचा आठवडा ठरतो. म्हणजे तो आकडा चुकला तर सगळा कारखाना चुकीच्या दिशेने चालतो, आणि चालताना कोणालाही काही खटकत नाही.

एप्रिलमध्ये चाकणच्या एका ग्राहकाची ऑर्डर आली. अडीच मिलिमीटर स्टेनलेस तारेची कॉम्प्रेशन स्प्रिंग, 60,000 नग, तीन हप्त्यांत 20,000-20,000, दर शंभर नगांना 2,150 रुपये. अकाउंटंट काकांनी ती चढवली. मेमध्ये पहिले 20,000 गेले. त्यानंतर त्याच ग्राहकाची सुधारित ऑर्डर आली: एकूण 75,000. ही कंपनी सुधारित ऑर्डर पाठवताना फक्त वाढलेले नग छापत नाही, पूर्ण एकूण छापते. म्हणजे वाढ 15,000ची होती आणि द्यायचे बाकी होते 55,000.

त्या आठवड्यात काका गावी गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या मुलीने ती नवी ऑर्डर समजून 75,000ची वेगळी सेल्स ऑर्डर केली. काका ऑर्डर नंबर नुसता लिहायचे, तिने आधी ‘पीओ’ आणि शेवटी ‘01’ लावलं. टॅलीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या ऑर्डर झाल्या. पहिलीचे 40,000 शिल्लक आणि दुसरीचे 75,000, मिळून 1,15,000. खरी गरज 55,000ची.

मी त्या मुलीला दोष देत नाही. ईमेलच्या विषयात ‘सुधारित’ असा शब्द नव्हता. पीडीएफच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सुधारणा क्रमांक होता, तेवढाच. शिवाय जुन्या आणि नव्या ऑर्डरच्या ईमेलचा विषय एकच होता, त्यामुळे विषयावरून फरक कळत नव्हता. ठळक खूण एकच होती आणि ती आम्हाला तेव्हा वाचता आली नाही: डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावामागे संगणकाने आपणहून (1) लावलं होतं. त्याच नावाची फाइल फोल्डरमध्ये आधीच आहे, म्हणजे हा कागद पूर्वी येऊन गेलाय, एवढं ते (1) सांगत होतं.

तारेचे भाव चढत होते म्हणून मी सगळी तार एकदम उचलली. जून ते ऑगस्ट माल नियमित जात राहिला. आधी जुन्या ऑर्डरवरचे 40,000 बिलात वजा झाले, मग नव्या ऑर्डरवरचे 15,000. सगळं बरोबर चाललंय असंच टॅली दाखवत होतं. सप्टेंबरमध्ये 20,000 नग घेऊन गेलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरचा चाकणच्या गेटवरून फोन आला, “साहेब, माल आत घेत नाहीयेत. पीओत शिल्लक शून्य आहे म्हणतात.”

तोवर 42,000 जादा स्प्रिंगा तयार होत्या. भट्टीतून निघालेल्या, टोकं घासलेल्या, पिशव्यांत मोजून बांधलेल्या. दराने नऊ लाख तीन हजारांचा माल. एक टनाहून जास्त तार त्यात गेली होती, आणि आणखी 18,000 नगांची तार गुंडाळ्यांत पडून होती. स्प्रिंग ड्रॉइंगप्रमाणे बनते, ती दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. बँकेने तो माल ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कर्जाच्या हिशेबात, धरायला नकार दिला. तारवाल्याचे पैसे थकले, दोन महिने पगार दोन हप्त्यांत झाले. चाकणच्या पर्चेस खात्याने एका ओळीत उत्तर दिलं की सुधारित ऑर्डर स्पष्ट होती. ती ओळ मी विसरलेलो नाही.

आणि याच वेळी मागच्या गल्लीतला एक स्प्रिंगवाला, जो माझ्याच गाळ्यात काम शिकून बाहेर पडला, ग्राहकांना सांगत फिरला की आमचं शटर पडणार आहे. दोन ग्राहक त्याच्याकडे गेले. एक परत आला, दुसरा नाही. धंद्यात स्पर्धा असावी, दर कमी लावून ऑर्डर न्यावी, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण अडचणीतल्या माणसाची बातमी विकणं हा धंदा नव्हे.

उभं राहायला बळ दिलं ते रबाळ्याच्या व्हॉल्व्ह कंपनीतल्या पर्चेस मॅडमनी. 1998पासून त्या आमच्याकडून माल घेतात, फॅक्सवर ऑर्डर यायची तेव्हापासून. मी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमची पडलेली तार माझ्या स्प्रिंगला चालते का ते आधी बघा.” चालत होती. त्यांनी पुढच्या तिमाहीची ऑर्डर आधी काढली, गुंडाळ्यांतली तार तिथे वापरली गेली. साठ दिवसांचं बिल पंधरा दिवसांत पास करून घेतलं. चाकणने पुढच्या वर्षी 11,000 स्प्रिंगा घेतल्या आणि मग ड्रॉइंगच बदललं. उरलेल्या 31,000 भंगारात गेल्या, साडेसातशे किलो.

त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली ती सविस्तर सांगतो, कारण इस्टेटमध्ये माझ्यासारखे खूप जण आहेत आणि बहुतेकांकडे हे काम ‘एंट्री’ म्हणून नव्या मुलावर सोडलेलं असतं.

पीओसाठी वेगळा ईमेल पत्ता केला. पीडीएफ उतरवून घेतली की मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीला नवं नाव द्यायचं: ग्राहकाची तीन अक्षरं, पीओ नंबर, सुधारणा क्रमांक. तीन अक्षरं लागतातच, कारण मोठ्या कंपन्यांच्या पीओ बऱ्याचदा 45ने सुरू होणाऱ्या दहा आकडी नंबरच्या असतात आणि दोन ग्राहकांचा नंबर जुळू शकतो. एक्सेलमध्ये पीओंचं रजिस्टर आहे. त्यात हीच अक्षरं आणि पीओ नंबर मिळून खूण बनते, सुधारणा क्रमांक मात्र वेगळ्या रकान्यात. मुद्दाम वेगळा, कारण तो खुणेत धरला तर जुनी ऑर्डर पुन्हा नवी दिसू लागते. टॅलीत जाण्याआधी, आलेल्या पीओची खूण B2मध्ये लिहून, रजिस्टरच्या A रकान्यातल्या खुणांशी हा तपास होतो:

```
=COUNTIF(Register!A:A, B2)
```

उत्तर शून्य आलं तर ऑर्डर नवी. एक आलं तर सुधारित, आणि सुधारित ऑर्डर आमच्याकडे कधीच नव्याने चढत नाही. टॅलीत जुनी सेल्स ऑर्डर उघडायची, तिच्यातच 60,000चे 75,000 करायचे. बिलं तिलाच जोडलेली असतात, म्हणून गेलेले 20,000 आपोआप वजा होऊन 55,000 उरतात. एका ग्राहकाची पद्धत उलटी आहे, तो फक्त वाढलेले नग छापतो. त्याच्या नावापुढे रजिस्टरमध्ये तसा शेरा आहे, आणि शंका आली तर फोन.

दुसरा पहारा टॅलीतच बसवला. सेल्स ऑर्डर व्हाउचरचा नंबर आपोआप न देता हाताने द्यायचा, तो म्हणजे हीच खूण, आणि दुप्पट नंबर नाकारण्याचा पर्याय चालू ठेवायचा. घाईत कोणी Ctrl+F8 दाबून तीच ऑर्डर पुन्हा करायला गेलं तर टॅली तिथेच अडवतं.

ओळी टाइप करायचं काम मात्र कमी केलं. पीडीएफमध्ये मजकूर असेल तर एक्सेलच्या ‘गेट डेटा’मधून तक्ता उचलता येतो. पण मालाचं वर्णन लांब असलं की ते दोन ओळींत मोडतं, आणि नगांचा आकडा भलत्या ओळीसमोर जातो. म्हणून प्रत्येक ओळीची रक्कम आम्ही पुन्हा काढतो. रकाने असे: नग, दर, आणि तो दर किती नगांचा.

```
=D2*E2/F2
```

75,000 नग, दर 2,150, तो शंभराचा, म्हणजे 16,12,500. सगळ्या ओळींची बेरीज पीओवर छापलेल्या कराआधीच्या रकमेशी रुपया-रुपया जुळली पाहिजे. शंभराचा दर एका नगाचा धरला गेला तर इथे शंभर पटीचा फरक दिसतो, ओळ सरकली तरी बेरीज बिघडते. जुळल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. टॅलीप्राइम 4.0 आल्यापासून एक्सेलमधून ऑर्डर थेट आत घेता येतात, तेव्हापासून लांब ऑर्डरींचा वेळ वाचला. ग्राहकाचा आयटम कोड आणि आमच्या मालाचं टॅलीतलं नाव यांचा जोडतक्ता मात्र आधी पक्का हवा. एका अक्षराचा फरक असला तरी टॅलीला ते नाव सापडत नाही.

दराबद्दल आणखी एक. हजाराला 2,345 असा दर असेल तर एका नगाचे 2.345 होतात. ते 2.35 केले तर 50,000 नगांवर 250 रुपये जास्त लागतात, आणि ग्राहकाच्या संगणकात पीओशी न जुळणारं बिल अडकून पडतं. टॅलीत शंभराचं किंवा हजाराचं संयुक्त युनिट बनवा आणि दर पीओवर छापलाय तसाच लिहा.

स्कॅन केलेल्या पीओ हातानेच चढवाव्या लागतात. असे दोन ग्राहक अजून आहेत. त्यांची ऑर्डर एक जण वाचतो आणि दुसरा टाइप करतो. आणि कोणतीही ऑर्डर चढली की त्याच दिवशी ग्राहकाला ईमेल जातो: या नंबरवर आमच्याकडे एकूण इतके, दिले इतके, बाकी इतके. आकडा चुकला असेल तर बहुतेक जण कळवतात. 2022मध्ये हा ईमेल गेला असता तर ‘बाकी 1,15,000’ वाचून चाकणहून फोन आला असता. तार उचलण्याआधी हा ईमेल गेलाय का, हे मी आता स्वतः बघतो.

चाकणच्या कंपनीचं काम आजही चालू आहे. त्यांच्या ईमेलच्या विषयात अजूनही काही लिहिलेलं नसतं. गेल्या मंगळवारी त्यांची एक पीओ आली, काका उतरवून घेत होते आणि मी मागे उभा होतो. फाइलच्या नावामागे (1) आलं. काकांनी टॅली उघडलं नाही, आधी रजिस्टर उघडलं.