छत्रीपासून किती दूर?

समोरच्या इमारतीत गॅलरीगणिक टीव्हीच्या छत्र्या आहेत, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. चहा पिताना मला एक निरुद्योगी प्रश्न पडतो. यातली एखादी छत्री ऐकायचं सोडून बोलू लागली, म्हणजे लहरी सोडू लागली, तर त्या विरळ व्हायला कुठून लागतील?

शाळेतलं उत्तर तोंडपाठ असतं: अंतर दुप्पट, तीव्रता पावपट. पण हा नियम बिंदूएवढ्या उगमाचा. छत्री साठ सेंटिमीटर रुंद आणि लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. सुरुवातीला झोत छत्रीएवढाच जाड राहून पुढे सरकतो. पसरलाच नाही, तर विरळ कसा होणार?

शिवाय जवळ उभं राहिलं की छत्रीचा मध्य आपल्याला जवळ पडतो, कड किंचित लांब. 3.6 मीटरवर हा फरक सव्वा सेंटिमीटर, म्हणजे बरोबर अर्धी लहर होतो. छत्री सगळीकडून सारखी उजळली आहे असं धरलं, तर मधल्या रेषेवरची तीव्रता इथे सर्वांत जास्त भरते. तिथून आणखी जवळ सरकलं की ती चक्क कमी होते! 1.8 मीटरवर फरक पूर्ण लहरीचा होतो आणि हिशेबाने तीव्रता शून्य येते. (खऱ्या छत्रीच्या कडा मंद उजळतात, म्हणून एवढं टोकाचं घडत नाही.) हे निकटक्षेत्र. अंतराच्या वर्गाचा तो शाळेतला नियम इथे वापरला, तर 3.6 मीटरवरच उत्तर अडीचपट फुगतं.

लांब जावं तसा कडेचा आणि मध्याचा फरक घटत जातो. तो लहरीच्या सोळाव्या भागावर आला, की दूरक्षेत्र सुरू झालं असं अभियंते मानतात. व्यासाचा वर्ग करा, दुप्पट करा, तरंगलांबीने भागा. आपल्या छत्रीला 29 मीटर येतात. तिथे नियमाची चूक सुमारे एक टक्का उरते. तिथे कुठली भिंत नाही, एवढी चूक चालवून घ्यायची असं ठरलेलं, इतकंच.

गंमत व्यासाच्या वर्गात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस छत्र्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरीसाठी तिचं दूरक्षेत्र सुमारे 19 किलोमीटरवर सुरू होतं. जवळच्या टेकडीवर प्रक्षेपक ठेवून तिच्या झोताचा आकार मोजायला गेलं, तर मुख्य झोत बोथट दिसेल आणि बाजूच्या पाकळ्यांमधल्या, म्हणजे दुय्यम झोतांमधल्या, खाचा भरून येतील. छत्री बिघडली आहे असं वाटेल. बिघडलेलं असेल ते अंतर. म्हणून अशा दुर्बिणींची परीक्षा आकाशातल्या तेजस्वी रेडिओस्रोतांवर घेतात. तीच छत्री दोन मीटरच्या लहरी ऐकू लागली, की दूरक्षेत्र दोन किलोमीटरवर येतं.