प्रश्नचिन्हाचे दोन साक्षीदार

गेल्या आठवड्यात भाचीसाठी मी स्वतःच एक कोडे रचले. तीन त्रिकोण काढले आणि प्रत्येकाच्या तिन्ही कोपऱ्यांत व पोटात एकेक संख्या लिहिली. पहिल्याच्या शिरावर ५, पायथ्याशी ३ आणि ६, मध्ये २३. दुसऱ्याच्या शिरावर १, पायथ्याशी ४ आणि ४, मध्ये १७. तिसऱ्याच्या शिरावर २, पायथ्याशी ५ आणि ६, मध्ये प्रश्नचिन्ह. पायथ्याच्या दोन संख्यांचा गुणाकार करून त्यात शिरावरची संख्या मिळवायची, असा माझा सरळ नियम होता आणि त्यानुसार उत्तर ३२ यायला हवे होते. भाचीने मात्र २४ लिहिले.

मी ते चूक ठरवून मोकळा झालो, तेव्हा तिने शांतपणे विचारले, “मामा, पायथ्याची बेरीज करायची, दुप्पट करायची आणि वरची संख्या मिळवायची. पहिल्यात जमतंय ना?” पहिल्यात ३ आणि ६ यांची बेरीज ९, दुप्पट १८, त्यात ५ मिळवले की २३. दुसऱ्यात ४ आणि ४ यांची बेरीज ८, दुप्पट १६, त्यात १ मिळवला की १७. दोन्ही त्रिकोण तिच्या बाजूने तितकीच चोख साक्ष देत होते, जितकी माझ्या बाजूने.

रात्री कागद पुन्हा काढला. दोन संख्यांचा गुणाकार त्यांच्या बेरजेच्या दुपटीइतका केव्हा होतो? प्रत्येकीतून २ वजा करून उरलेल्यांचा गुणाकार ४ आला, तरच. शून्याहून मोठ्या पूर्ण संख्यांत अशा जोड्या दोनच आहेत, ३ व ६ आणि ४ व ४. आणि मी नेमक्या त्याच दोन निवडल्या होत्या. ठरवून खोडी काढायची म्हटले असते, तरी इतकी नेमकी जमली नसती.

अशा कोड्यांत पूर्ण आकृत्या म्हणजे नियमाचे साक्षीदार होत. एकाच आकृतीवरून हवे तितके नियम बसवता येतात, म्हणून पहिलीवर सुचलेला नियम दुसरीवर ताडून पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये, हे सोडवणाऱ्याला सगळेच सांगतात. रचणाऱ्याला मात्र कोणी सांगत नाही की त्या दोन साक्षीदारांनी एकमेकांहून वेगळे काहीतरी सांगितले पाहिजे. २ आणि २ ही जोडी तर मुळीच घेऊ नये, कारण त्यांची बेरीजही ४, गुणाकारही ४ आणि पहिलीचा दुसरीइतका घातही ४. मी दुसऱ्या त्रिकोणातला एक ४ खोडून तिथे ५ लिहिला आणि मधल्या १७ चे २१ केले. आता दुप्पट बेरजेच्या नियमाने तिथे १९ येतात आणि तो नियम तिसऱ्या त्रिकोणापर्यंत पोहोचतच नाही.

चौकटींत हा घोळ आणखी रंगतदार होतो, कारण तिथे आडवे आणि उभे असे दोन्हीकडून वाचता येते. पहिल्या ओळीत ४, ३, ७, दुसरीत ६, २, ८, तिसरीत १०, ५ आणि प्रश्नचिन्ह असेल, तर आडव्या बेरजेनेही १५ येतात आणि उभ्या बेरजेनेही १५च येतात. बेरजा कोणत्याही क्रमाने केल्या तरी फरक पडत नाही, त्यामुळे इथे एक वाचन दुसऱ्याचा ताळा ठरते. पण तिसऱ्या ओळीत १०, ५ ऐवजी २४, ६ लिहून पाहावे. आडव्या ओळी अजूनही बेरीज सांगतात आणि उत्तर ३० येते. उभे स्तंभ मात्र आता गुणाकार सांगू लागतात, कारण ४ गुणिले ६ म्हणजे २४ आणि ३ गुणिले २ म्हणजे ६, आणि त्या हिशेबाने उत्तर ५६ होते. दोन्हीकडे दोन-दोन साक्षीदार, आणि निवाडा करायला कोणी नाही. अशी चौकट रचणाऱ्याने फेकूनच द्यावी, असे माझे मत आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीने माझ्यासाठी तीन बाय तीनची चौकट आणली. प्रश्नचिन्ह वरच्या ओळीच्या मधोमध होते आणि मी बराच वेळ ओळी नि स्तंभ चाचपत बसलो. शेवटी तिला राहवले नाही. “कर्ण बघ ना, मामा. दोन्ही कर्णांची बेरीज सारखीच येते.” कर्णांचा मला तसाही भरवसा वाटत नाही. ते दोनच असतात. प्रश्नचिन्ह कोपऱ्यात असले तर एकच कर्ण पूर्ण उरतो, म्हणजे साक्षीदार एकच, आणि ते मध्यभागी असले तर एकही उरत नाही. इथे दोन्ही पूर्ण होते आणि बेरीजही खरोखर सारखी होती. मी पेन्सिलीने दोन्ही कर्ण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढले आणि प्रश्नचिन्हाच्या घरातून त्यांपैकी कोणता जातो, असे तिला विचारले. ती थोडा वेळ त्या फुलीकडे पाहत राहिली आणि मग खोडरबर शोधायला उठली.