टीव्हीचा डोळा कुठं बघतो? सोप्यातल्या ऑटो ब्राइटनेसची नोंद

६ जुलै

खोलीतला उजेड सेन्सरनं मोजून पडदा कमी-जास्त करणारा टीव्हीचा ऑटो ब्राइटनेस पावसाळाभर चालू ठेवून बघायचा असं जूनमध्ये ठरवलं होतं. महिना झाला आणि कारभार उलटाच चाललाय. रात्री आठला ट्यूब लावली की चित्र मरगळतं, आणि दहाच्या सुमारास मध्येच लख्ख होऊन परत हळूहळू उतरतं. आईचं निदान ठरलेलं आहे: "व्होल्टेज कमी-जास्त होतंय, बाकी काय नाही." स्टॅबिलायझरचा काटा मात्र जागचा हलत नाही.

आधी खोली सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर, टीव्ही सोप्यात म्हणजे पुढच्या खोलीत, ४३ इंची एलसीडी. टीव्हीच्या बरोबर समोर दार, ते थेट गल्लीत उघडतं. ट्यूबलाइट टीव्हीच्याच भिंतीवर, टीव्हीच्या दोन फूट वर. खाली चकचकीत पांढरी फरशी.

८ जुलै

पहिला प्रश्न असा की हा खेळ सेन्सरचाच आहे का. चित्र आपोआप कमी-जास्त होण्याची कारणं बरीच असतात. काळोखं दृश्य आलं की डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बॅकलाइट खाली घेतो. ओएलईडीवर पडदाभर पांढरं आलं की वीज आणि उष्णता आवरायला पॅनेल स्वतःच प्रकाश कापतं. लॅपटॉपमध्ये चित्र बघून उजेड हलवणारी वेगळी सोय असते. यांचा खोलीतल्या उजेडाशी काही संबंध नाही.

ओळखायची युक्ती सोपी. पेनड्राइव्हवरून एक करडं स्थिर चित्र लावलं, म्हणजे चित्रामुळं बदल व्हायचा प्रश्नच नाही. मग टीव्हीच्या खालच्या कडेच्या काळ्या खिडकीवर इलेक्ट्रिकची काळी टेप चिकटवली. दहा-पंधरा सेकंदांत पडदा उतरला, टेप काढली तसा चढला. म्हणजे सेन्सरच. चित्र बदललं तरच उजेड हलत असता आणि टेपनं काही फरक पडला नसता, तर मी डायनॅमिक कॉन्ट्रास्टकडं वळलो असतो.

टेप काढायला मात्र विसरलो. संध्याकाळी आतून आवाज: "आरं, रिमोट चालंना झालाय! काय चिकटवलंयस त्या टीव्हीला?" सेन्सर आणि रिमोटचा डोळा बऱ्याच टीव्हीत एकाच खिडकीमागं असतात, माझ्यातही तसंच. आणि टेप लावणं म्हणजे सेन्सर बंद करणं नव्हे. टेपखाली टीव्हीला मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं आणि तो आपल्या सगळ्यात खालच्या पातळीवर जाऊन बसतो. बंद करायचं तर मेनूतूनच. कुठं `Energy Saving` खाली, कुठं `Light Sensor`, कुठं `Brightness Optimization`. नाव काहीही असो, बरेचदा ते पिक्चर सेटिंगमध्ये नसून वीजबचतीच्या पानावर दडलेलं असतं.

११ जुलै

आज मोजमाप. फोनमधला लक्स मीटर वापरला. बहुतेक फोनचा सेन्सर वरच्या बाजूला, कानाला लावायच्या स्पीकरजवळ असतो. अंगठा ठेवून आकडा पडतो का बघितलं की जागा नक्की कळते. असल्या मीटरच्या नुसत्या आकड्यावर माझा भरवसा नाही, पण त्याच फोननं दोन जागा मोजल्या तर तुलना पुरेशी खरी असते.

रात्री आठ, दार बंद, टीव्ही बंद, ट्यूब चालू. सोफ्यावर डोळ्याच्या उंचीला, टीव्हीकडं तोंड करून: ७२ लक्स. तोच फोन टीव्हीच्या सेन्सरला टेकवून, खोलीकडं तोंड करून: ९.

आठपट फरक! आपण बघतो टीव्हीकडं, म्हणजे आपल्या डोळ्यात ट्यूब आणि तिनं उजळलेली भिंत दोन्ही येतात. सेन्सर बघतो आपल्याकडं. ट्यूब त्याच्या डोक्यावर आणि मागं, त्यामुळं त्याच्या वाट्याला फक्त समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड. त्याच्या हिशेबानं खोली जवळजवळ अंधारी, म्हणून तो पडदा मंद करतो, आणि आपल्याला उजळ भिंतीपुढं तोच पडदा आणखी मेलेला दिसतो. सेन्सर बिघडलेला नाही. त्याला जे दिसतंय त्यावर तो बरोबर निर्णय घेतोय, फक्त त्याला चुकीची बाजू दिसते आहे.

दहाच्या लख्ख होण्याचा उलगडा तर पाच मिनिटांत झाला. दार उघडं, गल्लीत मोटारसायकल वळली, हेडलाइट सरळ सोप्यात. फोनवर आकडा तीनशेच्या वर उडाला. टीव्ही दोन-तीन सेकंदांत चढला आणि उतरायला पंधराएक सेकंद घेतले. शेजारचा पोऱ्या रात्रपाळीला जातो त्याची ही वेळ. व्होल्टेजचं भूत म्हणजे त्याची बाइक.

१४ जुलै

रविवार कामी लावला. ट्यूब समोरच्या भिंतीवर नेली असती तर सेन्सर खूश, पण तिचं पांढरं प्रतिबिंब पडद्यात उभं राहिलं असतं. म्हणून बाजूच्या भिंतीवर, टीव्ही आणि सोफ्याच्या साधारण मध्ये. आता सोफ्यावर ६० आणि सेन्सरपाशी ४६. दोघांचं जवळपास एकमत. चित्र रात्री मरगळत नाही.

बाइकवर उपाय म्हणजे दाराचा पडदा. सेटिंगमध्ये त्याला उत्तर नाही.

राहिली फरशी. मध्यरात्री सगळं विझवून पडदाभर पांढरं चित्र लावलं, तर सेन्सरपाशी ५ लक्स. काळं चित्र लावल्यावर शून्य. म्हणजे टीव्ही स्वतःचाच उजेड फरशीवरून परत घेतोय: दृश्य उजळलं की खोली उजळली असं समजतो, आणखी चढतो. अंधारात ० आणि ५ मधला फरक सेन्सरला मोठा वाटतो, कारण ही यंत्रणा साधारण पटीत मोजते, आपल्या डोळ्यासारखी. २०० चे २०५ झाले तर तो ढुंकून बघत नाही. टीव्हीखाली गडद सतरंजी टाकली, आकडा २ वर आला. तरीही अंधारात सिनेमा बघताना मी सेन्सर बंदच करतो. अंधाऱ्या खोलीत उजेड बदलतच नाही, मग सेन्सरकडं जुळवून घ्यायला उरतंच काय? चूक करायला मात्र जागा भरपूर.

१९ जुलै

मग चालू कधी ठेवायचा? आईचा टीव्ही सकाळी सातला लागतो. त्या वेळी दार उघडं, बाहेर पाऊस; अकराला ढग फाटतात आणि गल्लीतला उजेड आत घुसतो; तीनला परत अंधारून येतं. आज दुपारी पडद्यावर पडणारा उजेड ३०० लक्स होता; पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात, पडद्याची झळाळी निटमध्ये. पडद्यानं त्यातला एक टक्का जरी विखरून परत फेकला तरी काळ्या भागावर साधारण १ निटचा पांढुरका थर बसतो (३०० गुणिले ०.०१, भागिले ३.१४). पॅनेलचा स्वतःचा काळा त्याच्या दहाव्या हिश्शाचा असेल, तर सावल्यांमधलं सगळं त्या थराखाली बुडतं. बॅकलाइट चढवला की सावल्या थोड्या वर येतात. एवढ्यासाठी सेन्सर सोन्यासारखा, आणि माणूस दिवसातून सहा वेळा मेनू उघडणार नाही.

डॉल्बी व्हिजन आयक्यू आणि एचडीआर१०+ अ‍ॅडॅप्टिव्ह हे २०२०-२१ पासून टीव्हीत आलेले प्रकार याच दुखण्यावर आहेत. एचडीआरमध्ये कुठला ठिपका किती निटचा हे सिग्नलमध्येच ठरलेलं असतं, आणि ते अंधाऱ्या खोलीत बसून ठरवलेलं असतं. म्हणून दिवसा एचडीआर काळोखं दिसतं. हे प्रकार सेन्सरचा आकडा घेऊन सावल्यांचा उतार बदलतात, नुसता दिवा मोठा करत नाहीत. पण त्यांनाही तोच खालच्या कडेचा डोळा. ट्यूब चुकीच्या भिंतीवर असेल तर तेही फसतात.

सोप्यात आता सेन्सर चालू, आणि माझ्या टीव्हीत किमान ब्राइटनेस ठरवायची सोय आहे ती थोडी वर. आई म्हणाली, "आता बरं दिसतंय, व्होल्टेज सुधारलं." मी काही बोललो नाही.

२७ जुलै

राजारामपुरीतल्या चुलतभावाचा फोन. तो लग्नाचे अल्बम करतो. "भावा, प्रिंट काळपट येतायत. लॅबवाला म्हणतोय तुझ्या फाइलीच डार्क हैत."

गेलो. मॉनिटर चांगला, खालच्या कडेला सेन्सर, ऑटो चालू. उजव्या हाताला मोठी खिडकी. दुपारी एकला टेबलावरच्या कागदावर २४० लक्स. पांढरा कागद साधारण ऐंशी टक्के उजेड परत देतो, त्यामुळं त्याची झळाळी काढायचा सोपा हिशेब म्हणजे लक्सचा पाव भाग निट: इथं ६०. त्याच्याकडं कॅलिब्रेशनचं यंत्र होतं (वर्षभर कपाटात), ते पडद्यावर लावलं. पांढरं २१० निट. कागदाच्या साडेतीनपट.

एवढ्या झगझगीत पडद्यावर वधूचा चेहरा उजळच दिसणार. हा स्लायडर खाली ओढतो, प्रिंट काळी येते. वर गंमत अशी की संध्याकाळी तोच सेन्सर ९० निटवर उतरतो, तेव्हा केलेले फोटो बरे येतात. एका अल्बमची दिवसा एडिट केलेली हळद काळी आणि रात्री केलेली वरात नीट, हे कोडं त्याला सहा महिने सुटलं नव्हतं. कॅलिब्रेशन करून काढलेला प्रोफाइलही ज्या ब्राइटनेसवर काढला तिथंच खरा. सेन्सरनं दिवा हलवला की त्याचा पाया सरकला.

इथं सेन्सर बंद, चर्चा नाही. खिडकीला जाड पडदा, मॉनिटर १०० निटवर कायम, आणि टेबलावर दिवा असा बसवला की कागदावर ४०० लक्स पडतील. चारशेचा पाव भाग शंभर. कोरा कागद पडद्यावरच्या कोऱ्या पानाशेजारी धरला तर दोघं सारखे उजळ दिसले पाहिजेत. यंत्र नसलं तरी ही परीक्षा चालते. मेनूत शोधताना त्याच मॉनिटरमध्ये उजेडाप्रमाणं पांढऱ्याचा रंग पिवळसर करणारा दुसरा पर्यायही चालू सापडला. तोही घालवला.

३ ऑगस्ट

आता माझा स्वतःचा मॉनिटर. त्याला सेन्सरच नाही, आणि या सगळ्या प्रकारानंतर ते बरंच वाटतंय, कारण सेन्सर कुठं बसवायचा हे मला ठरवता येतं. लिनक्सवरून बहुतेक मॉनिटरचा ब्राइटनेस केबलमधूनच हलतो, त्यासाठी मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय चालू असावं लागतं:

```
ddcutil getvcp 10
ddcutil setvcp 10 35
```

पहिली ओळ सध्याचा आकडा वाचते, दुसरी ३५ वर नेते. बीएच१७५० हा लक्स सेन्सर मागवलाय. तो मॉनिटरच्या वरच्या कडेला, पण तोंड मागच्या भिंतीकडं करून लावणार. माझ्या डोळ्याला पडद्याशेजारी ती भिंतच दिसते, माझा सदरा नाही.

उजेड निदान दीडपट बदलला आणि अर्धा मिनिट तसाच टिकला तरच हलायचं, अशी अट स्क्रिप्टमध्ये घातलीय. एकतर ढग गेला-आला म्हणून पडदा डोलायला नको, आणि काही मॉनिटर प्रत्येक बदल आपल्या मेमरीत लिहून ठेवतात, तिला दर सेकंदाला खरवडणं बरं नाही. फोटोचं काम उघडलं की स्क्रिप्ट थांबवायला वेगळं बटण. पार्सल पुण्यात अडकलंय. आलं की भिंतीकडचे आणि खोलीकडचे आकडे एका दिवसाचे शेजारी शेजारी टाकतो.