बाबांच्या शेअर्ससोबत आलेलं प्रवर्तकपण

नोव्हेंबर 2020 मध्ये बाबा गेले. त्यांनी आणि त्यांच्या कॉलेजमधल्या मित्राने मिळून रसायनांची एक छोटी कंपनी सुरू केली होती. ती पुढे शेअर बाजारात नोंदली गेली. काका, म्हणजे बाबांचे ते मित्र, आजही ती चालवतात. बाबा मात्र 2009 मध्येच कामातून बाजूला झाले होते. त्यांचे शेअर्स मार्च 2021 मध्ये आईच्या आणि माझ्या डिमॅट खात्यात आले. मला वाटलं, वारसाहक्काचं काम संपलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या विलेपार्ल्याच्या सोसायटीच्या दुरुस्तीसाठी पैसे भरायचे होते, म्हणून मी थोडे शेअर्स विकले. आठवड्याभरात कंपनी सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, ट्रेडिंग विंडो बंद होती. तुम्ही प्रवर्तक आहात."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कंपनीच्या कारखान्यात आयुष्यात दोनदा गेले असेन. मी प्रवर्तक कशी?

उत्तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांत आहे. प्रवर्तक म्हणजे ज्याचं नाव प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे शेअर्स विक्रीला काढतानाच्या माहितीपत्रकात, किंवा कंपनीच्या वार्षिक विवरणपत्रात तसं दिलेलं आहे तो, ज्याचं कंपनीवर नियंत्रण आहे तो, आणि ज्याच्या सांगण्याप्रमाणे संचालक मंडळ वागत आलं आहे तो. बाबांचं नाव प्रॉस्पेक्टसमध्ये होतं. प्रवर्तकाचे शेअर्स वारशाने किंवा बक्षीस म्हणून ज्याला मिळतात, तो त्या क्षणापासून त्याच वर्गात धरला जातो. त्यासाठी माझी सही लागली नव्हती आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव यादीतून आपोआप निघतं. वारसाचं तसं निघत नाही.

तिमाही संपल्या दिवसापासून निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत प्रवर्तकाला कंपनीच्या शेअर्सचे व्यवहार करता येत नाहीत, हीच ती बंद ट्रेडिंग विंडो. निकाल लागण्याआधी आतली माहिती हाती असणाऱ्याने बाहेरच्यांशी व्यवहार करू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला पूर्ण पटतो. माझ्याकडे कसलीच माहिती नव्हती, पण नियम वर्गाला लागू होतो. कंपनीच्या आचारसंहितेप्रमाणे मी दंड भरला आणि तो सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा झाला.

त्यानंतर मी नियम नीट वाचले. प्रवर्तकाचे सगळे शेअर्स डिमॅटमध्ये असावे लागतात. ते तारण ठेवले तर कळवावं लागतं. दर तिमाहीला कंपनी जे भागधारणेचं विवरण देते, त्यात आपलं नाव वेगळं छापून येतं. या सगळ्यापेक्षा मला अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. प्रवर्तकाचे जवळचे नातेवाईक प्रवर्तक गटात येतात, आणि त्यांत नवऱ्याचे आईवडील आणि भावंडंही असतात. त्यांच्यापैकी कुणाचा एखाद्या कंपनीत 20 टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असेल, तर ती कंपनीसुद्धा गटात येते. माझ्या दिरांची ठाण्यात छपाईची प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यात त्यांचा निम्मा वाटा. ज्या रसायन कंपनीचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, तिच्यासाठी त्यांच्याकडे पॅन आणि शेअर्सचा तपशील मागायची वेळ माझ्यावर आली. तेव्हा मी आईला म्हटलं, "आई, आपण यातून रीतसर बाहेर पडू या."

बाहेर पडायची वाट सेबीच्या लिस्टिंग नियमांच्या कलम 31अ मध्ये आहे. अर्ज करणारा आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांच्याकडे मिळून 10 टक्क्यांपेक्षा जास्त मतदानाचे हक्क नकोत. त्यांच्यापैकी कुणाचं कंपनीवर नियंत्रण नको, कुणाकडे विशेष हक्क नकोत, कुणी संचालक किंवा प्रमुख व्यवस्थापकीय पदावर नको. आमच्याकडे दोघींचे मिळून सुमारे 3.2 टक्के होते. काका बाबांचे मित्र, सख्खे भाऊ नव्हेत, हे इथे फार उपयोगी पडलं. माझा सख्खा भाऊ व्यवस्थापकीय संचालक असता, तर तो "संबंधित व्यक्ती" ठरून माझा अर्ज तिथेच अडला असता. भावाबहिणींचं पटत नसलं तरी हा नियम त्यांना एकत्रच मोजतो. वेगळ्या झालेल्या कुटुंबांनी अर्जाआधी हे तपासावं.

जानेवारी 2022 मध्ये आम्ही विनंतीपत्र दिलं. 24 तासांच्या आत कंपनीने ते शेअर बाजाराला, म्हणजे एक्स्चेंजला, कळवलं. मग सेक्रेटरींनी जुने कागद काढले आणि एका संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसात मला बोलावून घेतलं. कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, एक जुनं कलम होतं: बाबांना "किंवा त्यांच्या वारसांना" एक संचालक नेमण्याचा हक्क.

"पण आम्ही तो कधी वापरलाच नाही," मी म्हटलं.

"वापरला नाही, पण आहे. एक्स्चेंज हेच विचारेल."

या एका ओळीवर अर्ज परत आला असता. आम्ही दोघींनी तो हक्क सोडल्याचं लेखी दिलं, पण तेवढ्याने कलम जात नाही. आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने. पुनर्वर्गीकरणाला, म्हणजे प्रवर्तकांतून सार्वजनिक भागधारकांत जायला, साधा ठराव पुरतो, मात्र त्यात अर्जदारांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी मत द्यायचं नसतं. दोघींकडे मिळून 1 टक्का किंवा त्याहून कमी असता, तर हे मतदान लागलंच नसतं.

फेब्रुवारीत संचालक मंडळाने आपलं मत नोंदवलं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्यानंतर किमान एक आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत भागधारकांसमोर जायचं होतं. दोन्ही ठराव टपाली मतदानाला गेले. एका छोट्या भागधारकाने कंपनीला पत्र लिहून विचारलं, "हे लोक जबाबदारी टाळायला बाहेर पडत आहेत का?" मला तो प्रश्न रास्त वाटला. बँकेचं कर्ज थकवून किंवा चौकशी टाळायला प्रवर्तक म्हणवून घेणं सोडता येऊ नये, म्हणूनच जाणूनबुजून कर्ज बुडवणारे आणि फरार आर्थिक गुन्हेगार यांना ही वाट बंद आहे. मी कंपनीमार्फत सविस्तर उत्तर पाठवलं. बाबा कामातून कधी निघाले, आम्ही कुठल्याही कर्जाला हमी दिलेली नाही, जुलैतला दंड भरलेला आहे, असं सगळं त्यात लिहिलं. एप्रिलमध्ये दोन्ही ठराव संमत झाले.

त्या वेळी भागधारकांच्या मंजुरीनंतर 30 दिवसांत एक्स्चेंजकडे अर्ज करायचा असे. तो मेमध्ये गेला. त्यांनी आर्टिकल्सची सुधारित प्रत आणि नातेवाइकांची यादी मागितली, त्यात दिरांची छपाई कंपनीही आली. ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली. डिसेंबर 2024 मध्ये सेबीने हा क्रम बदलला. आता संचालक मंडळानंतर आधी एक्स्चेंजची ना-हरकत घ्यायची आणि मग भागधारकांकडे जायचं. आमच्या वेळी तसं असतं, तर आर्टिकल्समधली अडचण मतदानाआधीच एक्स्चेंजसमोर आली असती.

मंजुरीनंतरही काही बंधनं राहतात. 10 टक्क्यांची मर्यादा, नियंत्रण आणि विशेष हक्क नसणं या अटी कायमच्या आहेत. संचालक किंवा प्रमुख पदावर न जाण्याची अट किमान तीन वर्षांची. यातली एकही मोडली, तर माणूस आपोआप पुन्हा प्रवर्तक होतो. 2023 च्या दिवाळीत काका फराळाला आले होते. त्यांनी मला मनापासून विचारलं, "ये ना बोर्डावर, तुझ्या बाबांची जागा आहे." मी त्यांना ऑगस्ट 2025 ची तारीख सांगितली. आईने मध्येच विचारलं, "आणि त्यानंतर?" मी दोघांना सांगितलं की त्यानंतरही माझी जागा कॉलेजच्या वर्गातच आहे.

सप्टेंबर 2022 च्या भागधारणेच्या विवरणात आम्ही दोघी पहिल्यांदा सार्वजनिक भागधारकांत मोजल्या गेलो. त्या तक्त्याची प्रत मी दिरांना पाठवली. त्यांनी ती छापून, व्यवस्थित कापून, माझ्या फाइलसाठी परत पाठवली.