दवाखान्यातली येळवस

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर आणि धाराशिवकडे वेळ अमावस्या म्हणतात आणि बोलताना येळवस. यंदा ती दोन दिवसांवर आली असताना आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळा वाडा तात्या म्हणतो, न्हाणीत पाय घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वय चौऱ्याहत्तर आणि सोबतीला साखर. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून खुब्याच्या सांध्याचा गोळा बदलला. येळवशीच्या आदल्या संध्याकाळी चुलतभाऊ, आमचा दादा, रात्रीच्या सोबतीला लातूरला निघाला, तेव्हा त्याच्या हाती देण्यासाठी तात्यांना चार ओळी लिहाव्यात असे मला वाटले. त्या चार ओळींनी माझा पाऊण तास घेतला.

फोनवर चित्र पाठवणे सोपे होते. पण उताणे निजलेल्या, चष्मा उशाखाली ठेवलेल्या माणसाला छातीवर फोन धरून बारीक अक्षर वाचता येत नाही, हे मी माझ्या मोतीबिंदूच्या वेळी अनुभवले होते. म्हणून वहीचा कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहायला बसलो. शिवाय हा कागद दादा मोठ्याने वाचून दाखवणार आणि शेजारच्या दोन खाटांवरची माणसे तो ऐकणार, हेही उघड होते. साखर, लघवीची नळी, खर्च यांची चौकशी त्यामुळे आपोआपच बाद झाली. आजाऱ्याची विचारपूस पुष्कळदा चारचौघांत होते आणि त्यात तो आणखी थोडा उघडा पडतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

पहिले वाक्य लिहिले, “वेळ अमावस्येच्या हार्दिक शुभेच्छा.” लिहिल्याबरोबर ते खोटे वाटले. तात्यांना आम्ही आयुष्यात कधी शुभेच्छा दिलेल्या नाहीत. सणाच्या दिवशी आम्ही त्यांच्या पाया पडतो आणि जे काही द्यायचे ते तेच देतात. माणूस खाटेवर पडला म्हणून एकदम त्याने घ्यायचे आणि आपण द्यायचे, असा हा उलटा कारभार कशासाठी? पूर्वी पोस्टकार्डावर वडीलधाऱ्यांना “साष्टांग नमस्कार” लिहीत, त्यात हा घोटाळा होत नसे. मी शुभेच्छा खोडून नमस्कार लिहिला.

दुसरे वाक्य “लवकर बरे व्हा.” ते आज्ञार्थी आहे, हे शाळेत शिकलेले व्याकरण त्या दिवशी पहिल्यांदा खटकले. बरे होणे तात्यांच्या हातात असते तर ते पडलेच नसते. उलट असे वाक्य ऐकून “काय करू रे बाबा” असे म्हणत तेच ओशाळतात, हे मी आदल्या दिवशी पाहिले होते. “तुमच्याशिवाय येळवस सुनी आहे” हेही मनात आले होते. त्यात प्रेम आहे, पण ऐकणाऱ्याला आपण सगळ्यांचा सण मोडल्याचा अपराध वाटतो.

खरी चूक मात्र तिसऱ्या वाक्यात होती आणि ती दादाने पकडली. मी मोठ्या हौसेने लिहिले होते, “पुढच्या येळवशीला खोपीपुढे मांडीला मांडी लावून जेवू.” दादा कागद वाचून म्हणाला, “हे काढ. आता मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, असे डॉक्टरांनी आजच बजावले आहे.” बदललेला सांधा खोल वाकवून पाय आत वळवला, तर तो निखळण्याची भीती असते. एकदोन दिवसांत वॉकर धरून उभे करतील, पुढे चालतीलही, पण जमिनीवरची पंगत बहुधा संपली. तात्यांनी ते ऐकले होते आणि त्यावर काही बोलले नव्हते. त्या माणसाला मी नेमके तेच वचन देऊन बसलो होतो. आजार नेमका काय आहे आणि डॉक्टरांनी काय बजावले आहे, हे विचारल्याशिवाय पुढच्या वर्षाचे काही लिहू नये.

येळवस हा सण घरात होत नाही, ही आणखी एक अडचण होती. दिवाळीची एक पणती दवाखान्याच्या खिडकीत ठेवता येईल, संक्रांतीचा तिळगूळ तळहातावर देता येईल. येळवशीला मात्र अवघे गाव शिवारात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, हिरव्या दाण्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मग उभ्या पिकात आंबील शिंपडत घातलेला वेढा. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरातले रस्ते ओस पडतात. साहजिकच दवाखान्यात एरवी खाटेभोवती घोळका करणारे नातेवाईकही त्या दिवशी रानात असतात. खाण्यापिण्याचे वर्णन मी गाळले. साखर मोजून मग जेवणाऱ्याला खिरीचे वर्णन ऐकवणे बरे नव्हे.

मग लिहायचे काय? तेवढ्यात आठवले की पांडवांचे दगड कुठे आहेत, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. बरेच जण बांधावरचे कोणतेही पाच दगड उचलतात. आमच्याकडे मात्र तात्या तेच दगड वर्षभर जपून ठेवतात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी रानात जाऊन धुऊन ठेवतात. आम्ही पोहोचतो तेव्हा चुनासुद्धा वाळलेला असतो.

शेवटी दादाच्या खिशात गेलेला कागद असा होता:

“तीर्थरूप तात्यांस साष्टांग नमस्कार. उद्या येळवस. खोप मी आणि धाकटा मिळून घालतो, तोंड पूर्वेला ठेवतो. पण पाच पांडव तुम्ही कुठे ठेवले आहेत, ते दादाजवळ सांगावे. आंबील कोणी शिंपायची, तेही तुम्हीच ठरवा. दुपारी पूजा झाली की रानातून फोन करतो, तेव्हा आशीर्वाद द्यावा.”

त्यात ना बरे होण्याचा उल्लेख आहे ना शुभेच्छांचा. दुपारचा फोन मुद्दाम ठरवला, कारण सकाळी डॉक्टरांची फेरी आणि ड्रेसिंग असते. त्यानंतरची दुपार फार लांबते.

दादाचा फोन रात्री साडेनऊलाच आला. तात्यांनी कागद दोनदा वाचून घेतला होता आणि उत्तर पक्के होते. दगड विहिरीजवळच्या लिंबाच्या बुंध्याशी, फुटक्या घागरीखाली. आंबील धाकट्याच्या मुलीने शिंपायची, कारण ती पळत नाही, रमतगमत जाते, म्हणजे कोपरे सुटत नाहीत.

सकाळी आम्ही घागर उचलली. खाली चारच दगड होते. पालापाचोळा उकरला, मुळ्यांत हात घालून पाहिले, पाचवा काही मिळेना. ठरलेल्या वेळेआधीच फोन लावावा लागला. तात्यांचा आवाज थकलेला होता, पण चिडका होता, म्हणजे नेहमीसारखा.

“पाचवा कधी घावतच न्हाई,” ते म्हणाले. “दरसाली बांधावरला एक घ्यावा लागतो. धुऊन घ्या म्हंजे झालं.”